पक्कं बिल हातात आहे, तरी क्रेडिट का नाही? व्यापारी संघाच्या सभासदांना खुले पत्र

२४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
अध्यक्ष, पदाधिकारी आणि सर्व सभासद,
आपल्या पेठेचा व्यापारी संघ

स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात संघाच्या बैठकीत माझ्या नावाचा उल्लेख झाला, असं कानावर आलं. विषय जीएसटीच्या क्रेडिटचा, म्हणजे खरेदीवर दिलेला कर आपल्या विक्रीच्या करातून वजा करण्याचा. तक्रार अशी की, "माल आलाय, पक्कं बिल हातात आहे, पैसे चेकने दिलेत, तरी ही बाई क्रेडिट घेत नाही आणि आम्हाला खिशातून रोख कर भरायला लावते." कुणी असंही म्हणालं म्हणे की शेजारच्या गावातला अकाउंटंट सगळं क्रेडिट घेऊन टाकतो आणि त्याला अजून कुणी काही विचारलेलं नाही.

तक्रार करण्याचा तुमचा हक्क आहे. आपल्या पेठेतल्या अकरा दुकानांची पुस्तकं मी लिहिते, तेव्हा उत्तर देणं माझं कामच. हे पत्र एकट्या दुकानदाराला न लिहिता सगळ्यांना लिहितेय, कारण घोटाळ्याचं अर्धं मूळ आपल्याच गल्लीत आहे. तुम्ही एकमेकांकडून माल घेता, एकमेकांना बिलं करता, आणि एकाच्या कारकुनाची चूक दुसऱ्याच्या खिशाला लागते.

आधी कायद्याचं थोडक्यात सांगते. नुसत्या पक्क्या बिलावर क्रेडिट मिळण्याचे दिवस केव्हाच गेले. सुरुवातीला तुमच्या पुस्तकातलं क्रेडिट मिळायचं. मग ऑक्टोबर २०१९ मध्ये नियम आला की विक्रेत्याने जेवढी बिलं दाखवली त्याच्यापेक्षा २० टक्केच जास्त घेता येईल. पुढे ते १० झालं, मग ५ झालं. १ जानेवारी २०२२ पासून ती सूटही गेली. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १६(२) मध्ये तेव्हापासून स्पष्ट अट आहे की विक्रेत्याने ते बिल आपल्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, दाखवलेलं असलं पाहिजे आणि ते तुमच्यापर्यंत पोचलेलं असलं पाहिजे. पोचतं ते जीएसटीआर-२बी या तक्त्यातून, जो पोर्टलवर दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतो. पण नुसता तक्त्यात आकडा असूनही भागत नाही. माल प्रत्यक्ष मिळालेला हवा, बिल हातात हवं आणि ते क्रेडिट कायद्याने बंद केलेलं नसावं. म्हणजे पुस्तक आणि २बी अशा दोन्ही चाळणीतून जे बिल खाली उतरेल तेवढंच तुमचं.

जुन्या मंडळींना व्हॅटच्या वेळचे जे-१ आणि जे-२ आठवत असतील. तेव्हाही खरेदी-विक्रीची अशीच जुळणी व्हायची, फक्त नोटीस येईपर्यंत चार-पाच वर्षं जायची आणि तोवर समोरचा विक्रेता दुकान बंद करून गेलेला असायचा. आता तीच जुळणी दर महिन्याला, रिटर्न भरण्याआधी, आपल्या हातात आली आहे. मला तरी हे जास्त बरं वाटतं.

आता ज्या दुकानावरून वाद झाला त्याच्याकडे वळते. मालकांची परवानगी घेतली आहे, नाव देत नाही. हार्डवेअर आणि रंगाचं दुकान आहे, त्यांना धाकटे म्हणू, कारण त्यांच्या थोरल्या भावाचंही याच पेठेत त्याच धंद्याचं दुकान आहे. पुढे हे नातं महत्त्वाचं ठरणार आहे.

ऑक्टोबर महिन्याच्या त्यांच्या खरेदीच्या पुस्तकात क्रेडिट दिसत होतं २,१४,६५० रुपये. १४ नोव्हेंबरला काढलेल्या २बीमध्ये, क्रेडिट नोटा, म्हणजे विक्रेत्याने बिलातून कमी केलेल्या रकमेचे कागद, वजा जाता, आकडा होता १,९६,२९०. फरक १८,३६०. कुणी म्हणेल की २बीचा आकडा कमी आहे, तर तोच घ्या आणि मोकळे व्हा. बरेच जण तसंच करतात आणि त्याला जुळणी म्हणतात. पण एका बाजूच्या पाच चुका दुसऱ्या बाजूच्या तीन चुकांना खाऊन टाकतात आणि खाली उरतो तो आकडा निव्वळ योगायोगाचा असतो. मी बिलागणिक जुळवलं तेव्हा पुस्तकात जास्तीचे ३३,३०० निघाले आणि २बीमध्ये जास्तीचे १४,९४०. वजाबाकी करून बघा, १८,३६०च येतात. पण धाकट्यांनी भरायच्या रिटर्नमध्ये खरं क्रेडिट ना २,१४,६५० होतं ना १,९६,२९०. ते निघालं १,८१,३५०.

हे कसं काढते ते सांगते, म्हणजे तुमच्या दुकानातली मुलंही करू शकतील. पोर्टलवरून २बीची एक्सेल फाइल उतरवायची आणि टॅलीतून त्याच महिन्याचं खरेदी रजिस्टर. दोन्ही शेजारी ठेवली की पहिला अडथळा येतो बिल नंबरचा. कागदावर छापलेलं असतं `SR/25-26/0457`. आपला मुलगा एन्ट्री करताना नुसतं 457 लिहितो, विक्रेत्याचा कारकून पोर्टलवर पूर्ण नंबर चढवतो. माणसाला कळतं की बिल एकच आहे, मशीनला कळत नाही. म्हणून मी दोन्ही फाइलींत एक जादा रकाना करते. त्यात विक्रेत्याचा जीएसटी नंबर आणि बिलाचे शेवटचे चार अंक एवढंच जोडते आणि मग एका फाइलीतली खूण दुसरीत किती वेळा सापडते ते मोजते.

```
=A2&"|"&VALUE(RIGHT(B2,4))
=COUNTIF('2B'!K:K,K2)
```

पहिल्या ओळीत `A` रकान्यात जीएसटी नंबर आणि `B` मध्ये बिल नंबर आहे, ती खूण दोन्हीकडे `K` मध्ये ठेवायची. २बीची यादी रजिस्टरच्याच फाइलीत `2B` नावाच्या पानावर आणायची, आणि त्या पानावरून रजिस्टरातही तसंच उलट मोजायचं. दुसरी ओळ शून्य दाखवेल तिथे बिल समोर नाही, एक दाखवेल तिथे सापडलं. दोन आले तर सावध व्हायचं. बऱ्याचदा एकच बिल दोनदा चढलेलं असतं, एकदा व्हॉट्सअॅपवरच्या फोटोवरून आणि एकदा मूळ कागदावरून. पण कधी कधी विक्रेत्याच्या दोन गोडाउनांच्या दोन बिलमालिका असतात आणि दोन्हीकडे ४५७ नंबर असतो. त्यामुळे खूण जुळली तरी कराची रक्कम नजरेखालून घालतेच. एखाद्या रुपयाचा फरक पूर्णांकाचा, तो सोडून द्यायचा. नंबराच्या शेवटच्या चारांत अक्षर किंवा रेघ असली तर हे सूत्र चूक दाखवतं किंवा भलताच आकडा देतं, ती बिलं हाताने बघावी लागतात. अशी दहातली एखादीच.

एवढं झालं की जुळलेली बाजूला पडतात आणि उरतात ती खरी दुखणी. धाकट्यांच्या बाबतीत सात उरली. त्यातली चार सोपी होती, ती आधी उरकते.

एका बिलावर पुस्तकात कर होता ५,८४१ आणि २बीत ५,४८१. फरक ३६०. ही माझ्या गुरूंनी शिकवलेली जुनी खूण आहे. फरकाला ९ने पूर्ण भाग गेला की आधी अंक उलटसुलट झालेत का ते पाहायचं. ३६० भागिले ९ म्हणजे ४०. बिल काढून बघितलं, करपात्र रक्कम ३०,४५०, त्यावर १८ टक्के ५,४८१. आपल्याच माणसाने ४ आणि ८ची अदलाबदल केली होती. पुस्तक दुरुस्त केलं.

दुसरी होती विक्रेत्याची क्रेडिट नोट. दिवाळीच्या स्कीमची, १५,००० रुपयांची, त्यावर कर २,७००. २बीत ती होती, पुस्तकात नव्हती. मालकांना विचारलं तर गल्ल्याच्या खणातून कागद काढून दिला, "हो, हे दिलं होतं त्यांनी" म्हणाले. इथे माझी थोडी चिडचिड झाली, ते कबूल करते. येणाऱ्या बिलाचा कागद तुम्ही जपून आणून देता आणि क्रेडिट नोट खणात ठेवता. पण ती नोट तुमचं क्रेडिट कमी करते, आणि विक्रेत्याने ती दाखवलेली असते.

तिसरं, गावाजवळच्या एका छोट्या कारखानदाराकडून घेतलेल्या बिजागऱ्या, ४८,००० रुपयांच्या, कर ८,६४०. २बीत पत्ता नाही. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना तीन महिन्यांनी रिटर्न भरायची सोय आहे. त्यांनी ठरवलं तर मधल्या दोन महिन्यांची बिलं आयएफएफ नावाच्या सोयीतून १३ तारखेपर्यंत चढवता येतात, पण ती सक्तीची नाही आणि हे गृहस्थ चढवत नाहीत. ऑक्टोबर हा त्यांच्या तिमाहीचा पहिला महिना. म्हणजे हे बिल डिसेंबरच्या २बीत दिसणार आणि ते १४ जानेवारीला तयार होणार. यात कुणाचाही अप्रामाणिकपणा नाही. फक्त माल ऑक्टोबरमध्ये घेतला आणि क्रेडिट जानेवारीत मिळणार. त्यांच्याशी भाव ठरवताना हे तीन महिने डोक्यात ठेवा, एवढंच माझं म्हणणं.

चौथं २बीत होतं, पण घ्यायचं नव्हतं. मालकांच्या गाडीची दुरुस्ती, बिल दुकानाच्या जीएसटी नंबरवर, कर ३,२४०. प्रवासी गाडीच्या दुरुस्तीचं क्रेडिट कायद्याने बंद आहे. २बी मात्र ते इतर बिलांसारखंच 'मिळू शकतं' या भागात दाखवतं. तक्ता फक्त मुदत संपलेली आणि ठिकाणाच्या नियमात अडकलेली बिलं वेगळी काढतो. गाडी, जेवणावळी, घरचं सामान हे त्याला ओळखता येत नाही. ते आपणच ओळखून रिटर्नच्या ४(बी)(१) या रकान्यात उलटवायचं, म्हणजे क्रेडिटमधून वजा करायचं असतं. २बीचा आकडा डोळे मिटून घेणारे नेमके इथे सापडतात.

पाचवं बिल होतं ३० ऑक्टोबरचं. कर ११,७००. विक्रेत्याने ऑक्टोबरमध्येच दाखवलं, पण ट्रक आपल्या पेठेत लागला ३ नोव्हेंबरला. माल मिळाल्याशिवाय क्रेडिट नाही, म्हणून ऑक्टोबरात ते घ्यायचं नाही. पूर्वी अशी बिलं आधी घेऊन मग उलटवायची आणि पुढच्या महिन्यात परत घ्यायची कसरत करावी लागे. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर आयएमएस नावाची सोय आहे, म्हणजे विक्रेत्याने चढवलेलं प्रत्येक बिल आपल्यासमोर येतं आणि त्यावर स्वीकारलं, नाकारलं किंवा थांबवलं असं सांगता येतं. मी ते बिल थांबवलं, २बी नव्याने काढलं आणि आकडा १,९६,२९० वरून १,८४,५९० वर आला. हे नव्याने काढायला विसरलात तर जुनाच आकडा रिटर्नमध्ये बसतो. त्यातून गाडीचे ३,२४० उलटवले की १,८१,३५०.

सहाव्यात रकमेचा फरकच नव्हता. एका बिलाचा नंबर एन्ट्रीत चुकला होता, त्यामुळे तेच बिल दोन्ही याद्यांत एकदा-एकदा 'न जुळलेलं' दिसत होतं. करपात्र रक्कम आणि तारीख बघताच जोडी लागली.

आणि सातवं. हे बिल तुम्हाला सविस्तर सांगायचं आहे, कारण भांडण यावरूनच पेटलं.

कोल्हापूरच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून १,२०,००० रुपयांचा रंग आला होता, कर २१,६००. माल दुकानात, बिल पक्कं, बिलावर धाकट्यांचं नाव. २बीत नाही. मी त्यांच्या कारकुनाला फोन केला.

"टाकलंय की ताई, दहा तारखेलाच टाकलंय."

हे उत्तर मला महिन्यातून दहा वेळा मिळतं आणि दहापैकी नऊ वेळा ते खरंही असतं. म्हणून "बिल चढवलं का?" असं विचारायचं मी सोडून दिलं आहे. विचारायचं ते असं: कोणत्या जीएसटी नंबरवर, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या तक्त्यात. तारखेचंही नीट विचारावं. महिन्याचं जीएसटीआर-१ अकरा तारखेपर्यंत भरलं तर त्याच महिन्याच्या २बीत येतं, बारा तारखेला भरलं तर पुढच्या. मी म्हटलं, "त्या ओळीचा फोटो पाठवा." पाठवला. बिल नंबर बरोबर, रक्कम बरोबर. जीएसटी नंबरची सुरुवात २७, म्हणजे महाराष्ट्र, तेही बरोबर. त्यापुढचे दहा अंक-अक्षरं हा पॅन, आणि तो धाकट्यांचा नव्हता.

तो थोरल्यांचा होता.

दोन्ही दुकानांची नावं एकाच आजोबांवरून आहेत, एकाच्या शेवटी 'ट्रेडर्स' आणि दुसऱ्याच्या 'अँड सन्स'. कोल्हापूरच्या संगणकावर नाव टाइप करताना यादी खाली उघडते आणि कारकुनाने वरचं नाव निवडलं. जीएसटी नंबरचा पंधरावा अंक आधीच्या चौदांवरून काढलेला असतो, एखादं अक्षर चुकीचं टाइप झालं तर पोर्टल लगेच अडवतं. पण इथे नंबर चुकीचा नव्हताच. तो एका खऱ्या, चालू दुकानाचा होता, फक्त दुसऱ्याच्या. अशी चूक कोणतंच मशीन पकडत नाही.

मग थोरल्यांच्या अकाउंटंटला फोन केला. त्यांच्या २बीत ते २१,६०० आले होते, आयएमएसमध्ये कुणी हात लावला नव्हता, आणि हात न लावलेलं बिल स्वीकारलं असंच धरलं जातं. त्यांनी १६ तारखेलाच रिटर्न भरून टाकलं होतं. "२बीत आलं म्हणजे आपलंच असणार" असं ते म्हणाले. माल कधी आला, कोणता रंग, कुठल्या ट्रकने, काहीच बघितलं नव्हतं, कारण त्यांनी पुस्तकाशी जुळवलंच नव्हतं. नुसती बेरीज उचलली होती.

म्हणजे धाकट्यांनी पैसे दिले आणि क्रेडिट थोरल्यांनी घेतलं. दोघंही प्रामाणिक माणसं. दिवाळीला एकत्र जेवतात. पण यानंतर दोन दिवस दोन्ही घरांत बोलणं बंद होतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. बैठकीतल्या आवाजाचं कारणही बहुधा तेच.

थोरल्यांच्या अकाउंटंटने १४ ते २० तारखेच्या दरम्यान, रिटर्न भरण्याआधी, पुस्तकाशी ताडून ते बिल आयएमएसमध्ये नाकारलं असतं तर त्यांच्याकडून प्रश्न तिथेच मिटला असता. आता वाट लांबली. कोल्हापूरचा व्यापारी नोव्हेंबरच्या जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्तीच्या तक्त्यात, म्हणजे ९ए मध्ये, जीएसटी नंबर बदलेल. ग्राहकाचा नंबर बदलायचा असेल तर त्याच महिन्याच्या जीएसटीआर-१ए या दुरुस्तीच्या फॉर्ममधून होत नाही, पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्येच करावा लागतो. त्याने ते ११ डिसेंबरच्या आत केलं तर १४ डिसेंबरला धाकट्यांच्या २बीत बिल येईल. थोरल्यांनी मात्र त्यांच्या मालाचं नसलेलं क्रेडिट परत करायचं आहे, आणि ते मधल्या काळात वापरलं गेलं असेल तर व्याजासह.

मला सांगण्यात आलं, "ताई, यावेळी घेऊन टाका, चूक आपली नाही, पुढच्या महिन्यात येणारच आहे." मी नाही म्हटलं. घेतलं असतं तर धाकट्यांच्या रिटर्नमध्ये २बीपेक्षा जास्त क्रेडिट दिसलं असतं. असा फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की पोर्टल स्वतःहून डीआरसी-०१सी नावाची सूचना पाठवतं. सात दिवसांत पैसे भरा किंवा कारण द्या, नाहीतर पुढचं जीएसटीआर-१ भरताच येत नाही. आणि तुमचं जीएसटीआर-१ अडकलं की तुमच्या गिऱ्हाइकांची क्रेडिटं अडकतात. चुकीचं घेऊन वापरलेल्या क्रेडिटवर व्याज १८ टक्क्यांनी. ३३,३०० पूर्ण घेऊन वापरले असते आणि वर्षाने सापडले असते तर सहा हजारांच्या आसपास नुसतं व्याज. शेजारच्या गावातल्या अकाउंटंटला अजून कुणी विचारलेलं नाही, यातला 'अजून' हा शब्द मी तुमच्या लक्षात आणून देते.

शेवटी धाकट्यांना ३३,३०० जास्त रोख भरावे लागले. त्यातले ३,०६०, म्हणजे क्रेडिट नोटेचे आणि उलट्या अंकांचे, त्यांचे कधी नव्हतेच. ८,६४० जानेवारीत मिळतील, २१,६०० दुरुस्ती वेळेत झाली तर २० डिसेंबरच्या रिटर्नमध्ये. पैसे बुडाले नाहीत, अडकले. छोट्या दुकानाला अडकलेले तीस हजारही जड जातात, हे मला कळतं. नियमात अन्याय आहे, हेही मान्य. खरेदीदाराने पैसे दिले, विक्रेत्याने चूक केली आणि भुर्दंड खरेदीदाराला. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणि कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये, आधी विक्रेत्याला गाठा, असं म्हटलेलं आहे. पण ती प्रकरणं २०२२ पूर्वीच्या काळातली होती, आणि एकवीस हजारांसाठी उच्च न्यायालयात जाणारा आपल्या पेठेत कोण आहे?

अडकणं आणि बुडणं यातला फरक ठरवते ती तारीख. आर्थिक वर्ष संपल्यावर येणारी ३० नोव्हेंबर, किंवा त्याआधी वार्षिक रिटर्न भरलं तर तो दिवस. २०२४-२५ च्या बिलांसाठी ती येत्या रविवारी आहे. पण महिन्याचं रिटर्न भरणाऱ्यांनी रविवारपर्यंत वेळ आहे असं समजू नये. नोव्हेंबरात भरतो ते ऑक्टोबरचं रिटर्न, आणि ते आपण २० तारखेला भरून बसलो. पुढचं रिटर्न डिसेंबरात. ती गाडी गेली.

दोन वर्षांपूर्वी याच पेठेतल्या एका दुकानाचे १४,४०० असेच कायमचे गेले. फेब्रुवारी २०२३ चं बिल, विक्रेत्याने ते जीएसटी नंबर न टाकता किरकोळ ग्राहकांच्या बेरजेत दाखवलं. त्याचा कर सरकारला पूर्ण पोचला होता. तेव्हा ते दुकान माझ्याकडे नव्हतं, वार्षिक रिटर्नच्या वेळी डिसेंबरात माझ्याकडे आलं आणि मला पहिल्याच दिवशी ती वाईट बातमी द्यावी लागली. विक्रेत्यालाही दुरुस्तीची मुदत तीच, ३० नोव्हेंबर. तो म्हणाला, "चूक झाली, पण आता माझ्या हातात नाही." खरंच नव्हतं.

आणखी एक धोका जुळणीलाही दिसत नाही, तो लपवून ठेवणं बरं नव्हे. विक्रेता जीएसटीआर-१ भरतो, बिल तुमच्या २बीत येतं, पण कर भरायचं जीएसटीआर-३बी तो भरतच नाही. आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० सप्टेंबरपर्यंत त्याने ते भरलं नाही तर नियम ३७ए प्रमाणे ३० नोव्हेंबरपर्यंत तुम्हाला क्रेडिट उलटवावं लागतं. त्याने नंतर भरलं की परत घेता येतं. यावर उपाय एकच, नव्या विक्रेत्याचा जीएसटी नंबर पोर्टलवर शोधायचा आणि त्याने कोणत्या महिन्याची रिटर्नं कधी भरली ते बघायचं. लॉगिनही लागत नाही. सलग दोन-तीन महिन्यांचं ३बी दिसत नसेल तर त्याचा भाव स्वस्त का आहे ते तुमचं तुम्हाला कळेल.

म्हणून संघाकडे माझी मागणी साधी आहे. माझ्याविरुद्ध ठराव करायचा असेल तर जरूर करा, पण त्याबरोबर हाही एक करा. सभासद एकमेकांना बिल करताना नावावरून नाही, जीएसटी नंबरवरून खातं निवडतील, आणि सारख्या नावाच्या दुकानांच्या खात्यापुढे मालकाचं पाळण्यातलं नाव लिहून ठेवतील. जीएसटीआर-१ अकराची वाट न बघता नऊ-दहालाच भरतील. तिमाहीवाले सभासद निदान पेठेतल्या दुकानांची बिलं तरी आयएफएफमधून दर महिन्याला चढवतील. तिमाहीवाल्यांना हे जास्तीचं काम आहे, मी जाणते. ज्याला नकोच असेल त्याने खरेदीदाराला बिल देतानाच सांगावं.

खरेदीदारांनी माल उतरला त्या दिवसाची तारीख बिलाच्या पाठीमागे पेन्सिलने लिहावी, क्रेडिट नोटा बिलांच्याच फायलीत लावाव्या आणि सगळं पाच तारखेपर्यंत माझ्याकडे द्यावं. नवीन विक्रेत्याला बिलाची मूळ रक्कम द्या आणि कराचे पैसे बिल २बीत दिसल्यावर द्या, हे भाव ठरवतानाच बोलून घ्या. फक्त ते विसरून जाऊ नका. बिलापासून १८० दिवसांत पूर्ण पैसे दिले नाहीत तर न दिलेल्या रकमेवरचं क्रेडिट तुम्हालाच उलटवावं लागतं.

कोल्हापूरच्या कारकुनाने काल फोन करून सांगितलं की दुरुस्तीची ओळ त्याने तयार करून ठेवली आहे. मी त्याच्याकडून जीएसटी नंबरचे पंधराही अंक-अक्षरं फोनवर वाचून घेतली. १४ डिसेंबरला रविवार आहे, तरी सकाळी मी धाकट्यांच्या दुकानात असेन. थोरल्यांनाही बोलावलं आहे, त्यांच्या अकाउंटंटसह, आणि त्यांचं खरेदी रजिस्टर घेऊन.

कळावे,
आपल्या पेठेतल्या अकरा दुकानांची पुस्तकं लिहिणारी
तुमची ताई